तीस दिवसांचे साठ करू का?

*उद्यमबागेत आमचं बिडाच्या पुल्ल्यांचं वर्कशॉप आहे. कास्टिंग फाउंड्रीतून आणतो, टर्निंग-बोअरिंग आमच्याकडे. चिकोडी, गोकाक, निपाणी, गडहिंग्लज, चंदगडच्या मशिनरी दुकानांना माल जातो. महिन्याला जीएसटी सोडून १० लाखांची विक्री. शंभराच्या मालाला ८० रुपये खर्च येतो. उधारी ३० दिवसांची, पैसे ४० दिवसांत येतात, वर्षाला विक्रीच्या एक टक्का बुडतात. आता दुकानदार ६० दिवस मागतायत, बाहेरचा एक कारखानदार देतोय म्हणतात. दिली तर अथणी-जमखंडीकडची नवी दुकानं धरून विक्री दीड लाखाने वाढेल. पैसे ७५ दिवसांत येतील, बुडीत अडीच टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे सीसीचं, व्याज १२ टक्के. माझा हिशोब असा: दीड लाखावर ३० हजार सुटतात, त्यातून बुडीत ३,७५० आणि ७५ दिवसांचं व्याज ३,७०० वजा केलं तरी महिन्याला साडेबावीस हजार उरतात. बाबा म्हणतात, नको. कोणाचं बरोबर?*
*— एक वाचक, बेळगाव*

सगळ्यांना ६० दिवस द्यायचे असतील तर बाबांचं बरोबर आहे. फक्त नव्या दुकानांना द्यायचे असतील तर तुमचं बरोबर आहे. तुमच्या आकडेमोडीत चूक नाही, पण व्याज आणि बुडीत तुम्ही फक्त वाढीव दीड लाखावर धरलंय. चिकोडी-गोकाकच्या जुन्या दुकानदारांचे १० लाख आज ४० दिवसांत येतात. तेही आता ७५ दिवसांनी येणार आहेत, आणि त्यांच्यातलंही बुडीत वाढणार आहे. ती रक्कम तुमच्या कागदावर कुठेच नाही.

पस्तीसेक वर्षं मी इथल्या लहान कारखान्यांची खाती बघतोय. उधारी वाढवण्याच्या प्रश्नात नव्वद टक्के लोक हीच एक गोष्ट विसरतात, कारण नवा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असतो आणि जुना गृहीत धरलेला असतो.

हिशोब पुन्हा मांडू, पण वेगळ्या पद्धतीने. नफा आणि व्याज असे दोन रकाने करण्याऐवजी एका महिन्याचा माल घ्या. त्या मालासाठी खिशातून कधी किती गेलं आणि खिशात कधी किती आलं हे तारखेनुसार लिहा, आणि प्रत्येक रकमेची माल निघाला त्या दिवशीची किंमत काढा. येणाऱ्या किमतीतून जाणारी वजा केली की जे उरतं, त्याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात, बँकेचे लोक एनपीव्ही म्हणतात. सूत्र इतकंच:

आजची किंमत = रक्कम ÷ (१ + वार्षिक दर × दिवस ÷ ३६५)

१२ टक्क्यांनी ४० दिवसांनी येणारा रुपया आज ९८.७ पैशांचा असतो, ७५ दिवसांनी येणारा ९७.६ पैशांचा. फरक एका पैशाहून थोडासाच जास्त, म्हणून कुणाला टोचत नाही. पण तुमचा सगळा नफा रुपयात वीस पैशांचा आहे, आणि तो एक पैसा प्रत्येक रुपयावर जाणार आहे.

आजची स्थिती घ्या. १० लाखांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. एक टक्का बुडीत गेल्यावर ११ लाख ६८ हजार येतात, ४० दिवसांनी. त्यांची आजची किंमत ११ लाख ५३ हजार. यातून ८ लाखांचा खर्च गेला, तो माल निघायच्या वेळीच झाला असं धरू. जीएसटीचे १ लाख ८० हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे, म्हणजे बिलापासून सरासरी ३५ दिवसांनी. त्यांची आजची किंमत १ लाख ७८ हजार. (यातला काही भाग तुम्ही कास्टिंगच्या बिलात आधीच भरलेला असतो. तो सोय म्हणून इथेच धरलाय, त्याने निकाल बदलत नाही.) उरले १ लाख ७५ हजार.

आता सगळ्यांना ६० दिवस दिल्यावरची स्थिती. साडेअकरा लाखांचा माल, जीएसटीसह बिल १३ लाख ५७ हजारांचं. अडीच टक्के बुडीत जाऊन १३ लाख २३ हजार येतात, ७५ दिवसांनी. आजची किंमत १२ लाख ९१ हजार. खर्च ९ लाख २० हजार, जीएसटीची आजची किंमत २ लाख ५ हजार. उरले १ लाख ६६ हजार ६००.

विक्री पंधरा टक्के वाढली आणि महिन्याच्या मालामागे साडेआठ हजार कमी झाले. हे दर महिन्याला असंच चालत राहिलं, तर महिना एक टक्का दराने साडेआठ हजारांच्या या न संपणाऱ्या ओळीची आजची किंमत साडेआठ लाख होते. दुकानदारांना ‘साठ दिवस घ्या’ म्हणालात, की त्या एका वाक्यात तुम्ही धंद्याची किंमत साडेआठ लाखांनी उतरवलीत.

जीएसटी मी मुद्दाम धरलाय, कारण आपल्याकडे बहुतेक हिशोब जीएसटी बाजूला ठेवून होतात. गिऱ्हाईक पैसे देवो न देवो, तुम्हाला तो २० तारखेला भरावाच लागतो. आज पैसे चाळिसाव्या दिवशी येतात आणि कर पस्तिसाव्या दिवशी जातो, म्हणून जेमतेम जुळतं. ७५ दिवस झाले की गिऱ्हाइकाचा करही तुम्ही चाळीस दिवस आपल्या पैशाने भरलेला असतो. आणि बिल बुडालं तर भरलेला कर परत मिळत नाही. क्रेडिट नोट माल परत आला, भाव कमी केला, मालात खोट निघाली अशा वेळी काढता येते. पार्टीने पैसे बुडवले म्हणून काढता येत नाही. म्हणून शंभराचा माल बुडाला की तुमचे ११८ रुपये जातात. माझ्या मांडणीत बुडीत पूर्ण बिलावर धरलंय ते याचसाठी.

आता तोटा नेमका कुठून येतो ते बघू, कारण उपाय तिथेच आहे.

नव्या दीड लाखाचा हिशोब एकटा करा. बिल १ लाख ७७ हजार. तुमचा सगळीकडचा अडीच टक्क्यांचा अंदाज सोडा, अनोळखी दुकानं आहेत म्हणून पाच टक्के बुडीत धरू. १ लाख ६८ हजार येतील, ७५ दिवसांनी, आजची किंमत १ लाख ६४ हजार. खर्च १ लाख २० हजार, कर २६ हजार ७००. उरतात १७ हजार ४००. नव्या गिऱ्हाइकांकडून शंभरात पंधरा रुपये बुडायला लागले तरच हा व्यवहार तोट्यात जातो. अथणी-जमखंडीला ६० दिवस द्यायला घाबरायचं कारण नाही. तिथे तुमचा खरा धोका ऐंशी रुपयांच्या खर्चाचा आणि कराचा आहे. नफ्याचे वीस रुपये आधी तुमच्याकडे नव्हतेच.

जुन्यांचं उलट आहे. ते आजही घेतात, वेळेवर देतात. त्यांच्या प्रत्येक लाखाच्या विक्रीमागे आज तुम्हाला साडेसतरा हजार उरतात. त्यांना ७५ दिवसांवर नेलं आणि त्यांचं बुडीत एक टक्क्यावरून दोन-सव्वादोनवर गेलं (नव्यांचं पाच धरल्यावर तुमच्या एकूण अडीचमधून त्यांच्या वाट्याला तेवढंच येतं), तर लाखामागे २,६०० रुपये कमी होतात. यातले निम्मे पैसे उशिरा आल्याचे आणि निम्मे बुडण्याचे. दहा लाखांवर २६ हजार. नव्यांकडून १७ हजार ४०० येतात, जुन्यांकडे २६ हजार जातात. तुमचे साडेआठ हजार इथे हरवतात.

म्हणजे जुन्या दहा लाखांपैकी सुमारे पावणेसात लाखांची विक्री ६० दिवसांवर सरकली की नव्या दुकानांचं सगळं मिळवलेलं पुसलं जातं. हा आकडा लिहून ठेवा. बेळगावचा बाजार लहान आहे. अथणीच्या दुकानदाराला तुम्ही साठ दिवस दिलेत हे गोकाकला कळायला फार तर एक आठवडा लागेल. लोक ‘उद्री कोड्री’, उधारी द्या, म्हणत फोन करायला लागतील तेव्हा आपण पावणेसातच्या किती अलीकडे आहोत हे तुम्हाला माहीत असायला हवं.

तुमच्या पत्रात ‘बाहेरचा कारखानदार देतोय’ हे एक वाक्य आहे. आतापर्यंतचा हिशोब, तुम्ही काहीच बदललं नाही तर आजचे १० लाख तसेच राहतील, असं धरून आहे. ते राहणार नसतील तर तुलना बदलते. जुना गिऱ्हाईक गेला तर लाखामागे साडेसतरा हजार जातात, त्याला ६० दिवस देऊन ठेवला तर फक्त २,६०० जातात. या दोन आकड्यांचं गुणोत्तर सातास एकच्या आसपास आहे. म्हणून एखादं दुकान सोडून जाण्याची शक्यता सातात एकाहून जास्त वाटत असेल तर त्याला द्या, कमी वाटत असेल तर देऊ नका. हे दुकानागणिक ठरवायचं. एकूण हिशोबातही तेच दिसतं: नाही म्हटल्यामुळे महिन्याला पन्नास हजारांची जुनी विक्री तुटणार असेल, तर सगळ्यांना साठ दिवस देणं आणि कुणालाच न देणं यांची बरोबरी होते.

पण ‘जाईन’ म्हणणारा आणि जाणारा यात फरक असतो. तुमच्या पुल्लीचं बोअर आणि चावीघाट गिऱ्हाइकाच्या शाफ्टला बरोबर बसतात, रिजेक्शन आलं तर तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी बदलून देतो, गुऱ्हाळाच्या हंगामात अडल्यावर रात्री टेम्पो जातो. हे जिथे चालतं तिथला दुकानदार तीस दिवसांसाठी सहसा हलत नाही. जो तुमच्याकडून फक्त चालू साइज घेतो आणि दर वेळी तीन ठिकाणी भाव विचारतो, तो जाईल. त्याला द्या.

आता तुमच्या गृहीतकांबद्दल, कारण सगळं त्यांच्यावर उभं आहे.

४० दिवस हा आकडा तुम्ही कसा काढलात? बहुतेक जण येणे बाकी भागीले विक्री करून काढतात. एकदा खरं मोजून बघा. मागच्या वर्षातली पन्नास बिलं घ्या आणि प्रत्येकासमोर पैसे खात्यात जमा झाल्याची तारीख लिहा, चेक हातात आल्याची लिहू नका. एक उदाहरण सांगतो. ८ जानेवारीचं ५९ हजारांचं बिल. दुकानदाराने १० फेब्रुवारीला चेक दिला, तुम्ही वहीत ‘३३ दिवस’ लिहिलं. चेकवर तारीख होती २० फेब्रुवारी. तो २१ला भरला, २३ला वटला. झाले ४६ दिवस. शिवाय मोठ्या बिलाला मोठं वजन द्या. पाच हजारांची दहा बिलं वीस दिवसांत आली आणि एक लाखाचं सत्तर दिवसांत, तर साधी सरासरी पंचवीसच्या आत दिसते, पण तुमचा पैसा खरं तर त्रेपन्न दिवस बाहेर होता. तुमच्या दहा लाखांवर एकेका दिवसाची किंमत महिन्याच्या मालामागे साधारण ३७० रुपये आहे. वहीतल्या आणि खऱ्या दिवसांत सहा-सात दिवसांचा फरक निघाला तर काय होतं ते यावरून काढता येईल.

विक्री दीड लाखाने वाढेल या अंदाजाकडेही नीट बघा. उधारी वाढली की पहिले दोन महिने दुकानदार जास्त माल उचलतात, कारण फळी भरून ठेवायला आता त्यांचा पैसा लागत नाही. तो माल विकला गेलेला नसतो, तुमच्या गोदामातून त्यांच्या फळीवर गेलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ऑर्डर उतरते. तुमचा माणूस वसुलीला जातो तेव्हा त्याला प्रत्येक दुकानात बी सेक्शनच्या चालू साइजच्या किती पुल्ल्या पडून आहेत ते मोजून आणायला सांगा. तुमचं बिलिंग वाढतंय आणि फळीवरचा मालही तेवढाच वाढतोय, तर विक्री वाढलेली नाही.

बुडिताचा आकडा सगळ्यांत कच्चा असतो, आणि तो उशिरा कळतो. माझ्या उमेदीच्या काळात मी एका पाइप फिटिंगच्या कारखान्यात खाती लिहायचो. तिथे मालकांनी तीसचे साठ केले. पहिले पाच महिने विक्रीचा आलेख बघून सगळे खूश होते, मीही होतो. नवव्या महिन्यात एका मोठ्या पार्टीचं खातं मी उघडलं, तेव्हा लक्षात आलं की जुलैपासून ते कधी शून्यावर आलेलंच नव्हतं. आधी ते बिलाप्रमाणे पैसे द्यायचे: ३८,६४५, ५१,२२०, असे फुटकळ आकडे. नंतर वीस हजार, वीस हजार, पंधरा हजार, असे गोल आकडे यायला लागले होते, ‘खात्यावर जमा’ म्हणून. बिलाशी जुळणारा आकडा थांबून गोल आकडा सुरू होतो, तेव्हा समोरचा बिल फेडत नसतो, तुम्हाला गप्प ठेवत असतो. मी हे सप्टेंबरमध्ये बघायला हवं होतं. त्या पार्टीचे शेवटी निम्म्याहून जास्त पैसे आले नाहीत.

म्हणून एकूण येणे बाकीचे सरासरी दिवस बघत बसू नका. विक्री वाढत असताना ताजी बिलं जास्त असतात आणि जुनी सडलेली बिलं त्यांच्यात झाकली जातात. प्रत्येक महिन्याच्या बिलांचा वेगळा गठ्ठा धरा. जूनच्या बिलांपैकी ९० दिवसांनी किती रुपये बाकी होते, जुलैच्यांपैकी किती, ऑगस्टच्यांपैकी किती. ही ओळ चढायला लागली तर बुडीत येतंय, मग सरासरी काही म्हणो. तुमच्या गणितात सगळ्यांना साठ दिवस देऊन बरोबरीला यायचं तर एकूण बुडीत १.८६ टक्क्यांच्या आत राहायला हवं. एक आणि १.८६ यांच्यातली जागा फार अरुंद आहे. महिन्याच्या १३ लाख ५७ हजारांच्या बिलांत ती साडेअकरा हजारांची आहे. एक मध्यम बिल.

आपल्या भागात या बुडिताला हंगामही आहे. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण बिल लांबतं ते शेतकऱ्यालाच माहीत. कारखान्याकडून शेतकऱ्याला, शेतकऱ्याकडून दुकानदाराला, दुकानदाराकडून तुम्हाला, अशी ही साखळी आहे. डिसेंबर-जानेवारीत दिलेले साठ दिवस उसाच्या पैशात येऊन पडतात. जूनमध्ये दिलेले साठ दिवस पेरणीच्या आणि शाळेच्या खर्चात अडकतात, तेव्हा त्यांचे नव्वद-शंभर होतात. नव्यांना द्यायचे तर सुरुवात हंगामात करा.

सीसीबद्दल. येणे बाकी आज बिलाच्या किमतीत साधारण साडेपंधरा लाख आहे, सगळ्यांना साठ दिवस दिले की साडेतेहतीस लाखांवर जाते. अठरा लाख जास्तीचे कुठून येणार? तुम्ही म्हणाल सीसीतून. पण बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल ती मर्यादा, काढताना येणे बाकीतून मार्जिन कापतात आणि ९० दिवसांवरची बिलं धरतच नाहीत. सरासरी ७५ दिवस म्हणजे बरीच बिलं नव्वदच्या पलीकडे जाणार, आणि नेमकी तीच स्टॉक स्टेटमेंटमधून गळणार. उरलेला पैसा मग घरचा किंवा पतसंस्थेचा, आणि तो १२ टक्क्यांचा नसतो. दर १५ धरला तर साडेआठ हजारांचा तोटा १२,४०० होतो. गणितात सीसीचा दर न धरता, जो शेवटचा रुपया तुम्हाला आणावा लागेल त्याचा दर धरा.

आणि साठ दिवस लेखी देऊच नका. तुम्ही उत्पादक आहात, उद्यम नोंदणी असेलच. नसेल तर ती आधी करा. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसच. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असं आहे की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला ती खरेदी आयकरात खर्च म्हणून त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. ‘साठ दिवस द्या’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या सीएला हे ठाऊक असतं. जानेवारीचं बिल ३१ मार्चनंतर फेडलं तर त्या रकमेवर दुकानदारालाच त्या वर्षी कर बसेल. भांडणाच्या सुरात नको, पण हे त्याच्या फायद्याचं म्हणून सांगा आणि लेखी ४५ दिवसांवर थांबा. ४५ लिहिलेत तर नव्यांचे पैसे ७५ ऐवजी साठच्या आसपास येतील, आणि तुमचे १७ हजार ४०० अजून थोडे वाढतील.

प्रत्यक्षात मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. जुन्या गिऱ्हाइकांना आहे तेच ३० दिवस. त्यातल्या खरोखर जाऊ शकणाऱ्या दोन-तीन दुकानांना ४५, तेही बोलून, दरपत्रकात न छापता. अथणी-जमखंडीला ४५ दिवस, प्रत्येक दुकानाला पहिली मर्यादा एका महिन्याच्या मालाएवढी, आणि आधीचं बिल पूर्ण फिटल्याशिवाय तिसरी गाडी नाही. महाराष्ट्रातल्या, म्हणजे गडहिंग्लज-चंदगडच्या पार्ट्यांकडून चेक घेताना काळजी नको: तो तुमच्या बेळगावच्या खात्यात भरला आणि परत आला, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर खटला तुमच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात, म्हणजे इथेच चालतो. फक्त चेक परतल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, ते चुकवू नका.

बाबांना दाखवायचे तर तीनच आकडे दाखवा: नव्यांकडून १७,४००, जुन्यांच्या प्रत्येक लाखामागे २,६००, आणि पावणेसात लाख. त्यांना ‘नको’ म्हणताना जी भीती वाटते आहे ती मधल्या आकड्याची आहे. पहिली गाडी अथणीला जाण्याआधी पन्नास बिलांची मोजणी मात्र करून घ्या. ४० ऐवजी ४६ निघाले, तर हा कागद पुन्हा मांडावा लागेल, आणि तो मला पाठवलात तर मी बघून देईन.